हक्काला बाध न येता

पत्ररूप कथा लिहायला बसलेले बरेच जण पत्र म्हणजे मन मोकळं करायची जागा, असं धरून चालतात. म्हातारी भाडेकरू आणि वारशाने इमारत मिळालेला तरुण मालक ही जोडी घेतली, की हा समज पहिल्याच पानावर अडतो. मुंबईच्या जुन्या चाळीत मालक आणि भाडेकरू एकमेकांना लिहितात तेव्हा त्यांच्या नजरेसमोर धोबीतलावचं लघुवाद न्यायालय असतं. आज टाकलेलं पत्र उद्या वकिलाच्या फायलीत लागणार, त्यावर क्रमांक पडणार, आणि एखादं वाक्य न्यायाधीशांपुढे मोठ्याने वाचलं जाणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यामुळे दोघंही जपून लिहितात. अशा कथेची सगळी गंमत या जपण्यात, आणि ते जिथे सुटतं त्या जागांत आहे.

ही कथा कशी उभी राहते, हे पाहण्यासाठी एक बेतूनच बघू. सुमतीबाई, वय ७९, नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, गिरगावातल्या एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर खोली नंबर ११. आणि अनिकेत, वय २६, पुण्यात नोकरीला. त्याच्या आजोबांचे धाकटे भाऊ, वाडीतले सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, निपुत्रिक वारले आणि मृत्युपत्राने चाळ या मुलाच्या नावे करून गेले. काळ २००१ सालचा. तो मुद्दाम निवडला आहे, कारण तेव्हा मनीऑर्डर चालू होती, नवा भाडेकायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ऐकू कमी येणाऱ्या बाईंना फोनपेक्षा कागद बरा वाटणं साहजिक होतं.

कायदा थोडा समजून घ्यावा लागेल, कारण कथेचं इंजिन तिथे आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० या दिवशी जे होतं, तिथे जवळजवळ खिळवून टाकलं. युद्धकाळात आणि फाळणीनंतर मुंबईत माणसांचे लोंढे येत होते, तेव्हाची ती तात्पुरती तजवीज. पण तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि पन्नास वर्षं निघून गेली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला दुसरीकडे जाणं परवडेना. खोली सोडायची तर येणाऱ्याकडून पागडी घ्यायची आणि मालकाला तिच्यातला वाटा द्यायचा, साधारण तिसरा हिस्सा, असा बिनकागदी व्यवहार रुळला. ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली आणि मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. सुमतीबाईंचं भाडं समजा महिना ५८ रुपये. चार टक्के म्हणजे दोन रुपये बत्तीस पैसे. हा आकडा लक्षात ठेवा.

आता पहिलं पत्र. इथे बहुतेक हस्तलिखितं घसरतात. तरुण मालक पहिल्याच पत्रात आपलं बालपण, आजोबा, आईचा स्वभाव, पुण्यातली एकटी खोली असं सगळं सांगून टाकतो. अनोळखी भाडेकरूला असं कुणी लिहीत नाही. अनिकेतचं पहिलं पत्र त्याच्या वकिलाने सांगितलेलं आणि टाइप केलेलं असणार:

«महोदया, स.न.वि.वि. आपण राहात असलेल्या इमारतीचे मालक दि. १९ ऑक्टोबर २००० रोजी निधन पावले असून त्यांच्या मृत्युपत्रान्वये सदर मिळकत माझ्याकडे आली आहे. तरी यापुढील भाडे खालील पत्त्यावर पाठवावे. भाड्याचा स्वीकार माझ्या कोणत्याही हक्काला बाध न येता केला जाईल.»

शेवटचं वाक्य वकिली आहे. पैसे घेतले म्हणजे तुमचं भाडेकरूपण मी मान्य केलं असं समजू नका, एवढाच त्याचा अर्थ. पण कथाकाराच्या हाती आता एक वस्तू आली. हे वाक्य पुढच्या प्रत्येक पत्रात येईल, आणि एका पत्रात येणार नाही. ते कुठल्या पत्रात, हे ठरलं की अर्धी कथा ठरली.

सुमतीबाईंचं उत्तर आठवड्यात येतं, निळ्या शाईत, रेघ न मारलेल्या कागदावर सरळ ओळीत:

«श्री. अनिकेत यांस, स.न.वि.वि. आपले पत्र पोचले. भाऊसाहेबांच्या जाण्याचे दुःख आम्हा सर्वांस आहे. मृत्युपत्राचे प्रोबेट झाले आहे काय? झाले असल्यास त्याची प्रत पाठवावी. मुंबईतील मिळकतीस ते लागते, असे मला सांगण्यात आले आहे. दुसरा कोणी वारस उद्या भाडे मागू लागल्यास मी दोनदा भरू शकणार नाही. भाडे तयार आहे. जानेवारीचे धरून.»

या पत्रात एकही भावनेचं वाक्य नाही. भाऊसाहेबांच्या दुःखाचं वाक्य रीतीचं आहे. तरीही बाई दिसतात. कायदा त्यांना नव्या मालकापेक्षा जास्त कळतो, कारण गिरगावच्या चाळीतल्या माणसाने तो पुस्तकातून घेतलेला नसतो. शेजारच्या खटल्यांतून, रिपेअर बोर्डाच्या चकरांतून आणि जिन्यावरच्या गप्पांतून तो अंगात मुरलेला असतो. ‘भाडे तयार आहे’ हे तीन शब्द तर नेमके टाकलेले आहेत. भाडेकरू भाडं द्यायला तयार असेल तोवर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्यांनी कळवलंही आहे.

वाचकाने इथे हसावं, पण कथाकाराने थोडं थांबून पुढे बघावं. दोघांचं वय, शिक्षण, भीती हे सगळं प्रत्येकाच्या सावधपणाच्या जातीतून दिसायला हवं. अनिकेतची सावधगिरी उसनी आहे, वकिलाची. सुमतीबाईंची स्वतःची आहे. त्यामुळे आधी घसरणार तो अनिकेत.

जानेवारीचं भाडं बाई मनीऑर्डरने पाठवतात. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं. पोस्टमन पैसे देताना ते फाडून घेणाऱ्याच्या हाती देई. त्यावर दोन-चार ओळींचा निरोप मावत असे. गावाकडे पैसे पाठवणाऱ्या गिरणी कामगारांनी अख्खे संसार या कुपनांवर चालवले. कथेसाठी ही जागा सोन्याची आहे, कारण तिथे लांबण लावता येत नाही. २६ जानेवारी २००१ला सकाळी गुजरातेत भूकंप झाला, त्याचे हादरे मुंबईतही जाणवले. तीन दिवसांनी सुमतीबाई कुपनावर लिहितात:

«जाने. भाडे रु. ५८. हादऱ्याने ११ नंबरच्या पूर्वेच्या भिंतीस तडा. मी खाली उतरले नाही. पावती पाठवावी.»

‘मी खाली उतरले नाही’ हे कशासाठी लिहिलं? गुडघे दुखतात म्हणून, की खोली सोडत नाही हे कळावं म्हणून? लेखकाने याचं उत्तर कुठेही देऊ नये. पत्ररूप कथेत निवेदक नसतो, म्हणून असं वाक्य सरळ वाचकाच्या पदरात पडतं आणि तिथेच राहतं. नेहमीच्या कथेत लेखकाला मोह झाला असता: ‘ती जिन्याकडे पाहत राहिली, तिचे गुडघे…’ इथे मोहाची सोयच नाही.

आणि ही मनीऑर्डर परत येते. ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन.

नकाराचं कारण क्षुल्लक आहे. वकिलाने अनिकेतला सांगून ठेवलंय, प्रोबेट होईपर्यंत कुणाकडून काही घेऊ नकोस. त्याने ते शब्दशः पाळलं. पण नाकारलेली मनीऑर्डर म्हणजे भाडेकरूच्या हातातला चांगला पुरावा, हे त्याला कुणी सांगितलं नाही. बाईंचं पुढचं पत्र पुन्हा ‘श्री. अनिकेत यांस’ने सुरू होतं. त्यात रागाचा शब्द नाही. फक्त इतकं: परत आलेला फॉर्म मी जपून ठेवला आहे. फेब्रुवारीचे भाडे याच पत्त्यावर पाठवीत आहे, तेही नाकारल्यास तोही फॉर्म जपून ठेवीन. मनीऑर्डरीचे कमिशन वीस रुपयांस एक रुपया प्रमाणे तीन रुपये पडते. म्हणजे आपण मागू शकता त्या भाडेवाढीहून अधिक रक्कम पोस्ट खाते माझ्याकडून घेत आहे, एवढे आपल्या माहितीसाठी.

इथपर्यंत कथा दोन वकिलांसारखी चालली आहे. ती फिरवायची असेल तर एका बाजूला चूक व्हायला हवी, आणि ती मुलाची हवी. अनिकेत वकिलाला न विचारता हाताने पत्र लिहितो. खाडाखोड आहे. मला हे सगळं नवीन आहे, मनीऑर्डर घ्यायला हवी होती, भाऊआजोबांना मी आयुष्यात दोन-तीनदा भेटलो असेन, ही चाळ मला का दिली तेही कळत नाही, असं सगळं येतं. आता येऊ द्यावं. आधी आलं असतं तर फुकट गेलं असतं. मायना मात्र तो असा घालतो: ‘तीर्थरूप सुमतीआजींस’.

शिक्षिकेचं उत्तर ठरलेलंच:

«अनिकेत, पत्र मिळाले. तीर्थरूप हे स्वतःच्या आईवडिलांस. इतर मोठ्या माणसांस तीर्थस्वरूप. मला तेही लिहिण्याची घाई करू नये. ‘मिळकत’मधला मि ऱ्हस्व. फेब्रुवारीची मनीऑर्डर घेतल्याचे कळले, पावती अजून नाही. भाऊसाहेबांनी चाळ तुम्हांला का दिली ते मला ठाऊक नाही, पण त्यांनी दुसऱ्या कोणाला का दिली नाही ते ठाऊक आहे. ते कागदावर लिहिण्याजोगे नाही.»

मराठी पत्राच्या मायन्यात नात्याची अख्खी उतरंड बसलेली असते, आणि पत्ररूप कथा लिहिणाऱ्याला ही आयती मिळालेली सोय आहे. ‘महोदया’पासून ‘श्रीमती सुमतीबाई यांस’, तिथून ‘सुमतीआजी’. तिकडून ‘श्री. अनिकेत यांस’, मग नुसतं ‘अनिकेत’, मग ‘चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद’. ‘आपण’चं ‘तुम्ही’ होतं, ‘तुम्ही’चं ‘तू’. आता आपण जवळ आलो, असं कुणालाच लिहावं लागत नाही. पण ही शिडी सरळ चढवत नेली तर कथा गुळगुळीत होते. एकदा तरी मायना खाली उतरायला हवा. वरच्या पत्रात ‘अनिकेत’ आलं असलं तरी क्रियापद ‘तुम्हांला’वर थांबलंय, हेही पाहा. नाव आधी सैल होतं, आदर नंतर. आपल्याकडे तसंच घडतं.

मधले तीन महिने मी दोन पत्रांत उरकेन. अनिकेत विचारतो, तडा कितपत आहे, बोर्डाकडे अर्ज करायचा का. बाई सांगतात, तडा काही नाही. जिन्याच्या दुसऱ्या वळणावरची तुळई भुगा टाकते आहे, तिकडे बघ, आणि बोर्डाने टेकू लावले की ते वर्षानुवर्षं तसेच राहतात हेही धरून चाल. एवढं पुरे. तरुण मालकाला इमारत आवडू लागल्याचं दाखवायला भाऊसाहेबांच्या जुन्या पेट्या, फोटो, दिवाळीतले कंदील असली सामग्री भरणं अगदी सोपं असतं. मी ती सगळी बाहेर ठेवतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’नंतर मराठीत चाळीच्या जिव्हाळ्याचा साठा पुरेसा झालेला आहे, नव्या लेखकाने त्यात भर घातली नाही तरी चालेल.

कथेचा खरा गाभा जूननंतर सुरू होतो. पहिल्या पावसात गॅलरीतल्या ओल्या फरशीवर सुमतीबाई पडतात, मांडीचं हाड मोडतं. हे पत्रात येत नाही. लेक त्यांना नाशिकला घेऊन जाते. खोलीला कुलूप. आणि १९९९च्या कायद्यात मालकाला जागा परत मागण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांतलं एक असं: दावा लावण्याच्या लगत आधी सलग सहा महिने, वाजवी कारणाशिवाय, जागा ज्या कामासाठी दिली त्यासाठी वापरली गेली नसेल तर. सुमतीबाईंना हे कलम पाठ आहे. म्हणून भाड्याची मनीऑर्डर गिरगावातूनच जाते, शेजारच्या १२ नंबरमधल्या मुलीच्या हातून. पत्रंही त्या लिहून, पाकिटात घालून तिच्याकडे पाठवतात, आणि ती ती गिरगावच्या पेटीत टाकते. पत्रांत नळाची वेळ आहे, गणपतीची वर्गणी आहे, समोरच्या इमारतीत रात्री वाजणाऱ्या रेडिओची तक्रार आहे. सगळं खोटं. पण बाईंनी इतकी वर्षं ते रोज पाहिलेलं असल्यामुळे खोटं म्हणून ओळखू येत नाही.

मग सप्टेंबरात एकदा नात ते पाकीट मुंबईला पाठवायचं सोडून खालच्या पेटीतच टाकते. तिच्या दृष्टीने पत्र पुण्याला जायचं आहे, ते मुंबईमार्गे कशाला? तिकिटावर नाशिकचा शिक्का बसतो.

पत्ररूप कथेत असा तपशील पत्राच्या मजकुरात नसतो, तो कागदावर असतो. मग वाचकाला तो दाखवायचा कसा? सोपा मार्ग म्हणजे पत्राच्या वर तिरक्या अक्षरात टीप देणं: ‘पाकिटावर शिक्का: नाशिक, २१ सप्टें. २००१.’ चालेल, पण मग प्रत्येक पत्रावर पहिल्यापासून तशी टीप हवी. नाहीतर एकाच पत्रावर आलेली टीप लेखक बोट दाखवत असल्यासारखी दिसेल. कथेच्या सुरुवातीपासून ‘शिक्का: गिरगाव’, ‘शिक्का: पुणे’ असं येत राहिलं, वाचकाची नजर त्यावरून सरावाने घसरू लागली, की मग एके दिवशी गिरगावच्या जागी नाशिक येतं. निम्म्या वाचकांना ते दिसणार नाही. हरकत नाही. त्यांना पुढच्या पत्रात कळेल आणि ते पानं मागे उलटतील. पुस्तकात पानं मागे उलटायला लावणं हे पत्ररूप कथेचं हक्काचं सुख आहे.

आता अनिकेतच्या हातात काय आहे ते मोजा. पाकीट आहे. जूनपासून अक्षर बदललेले मनीऑर्डरीचे फॉर्म आहेत. ‘बेस्ट’चं वीजबिल जवळपास शून्यावर आलं असेल, तेही मिळवता येईल, अशा दाव्यांत वीजबिल, रेशनकार्ड, शेजाऱ्यांची साक्ष हेच पुरावे चालतात. डिसेंबर संपता संपता सहा महिने भरतात. दरम्यान प्रोबेटही झालं आहे. एक खोली रिकामी झाली तर पागडीचा सगळा पैसा त्याचा. आणि खोटं बाईंनी लिहिलं आहे, स्वतःच्या हाताने, तारीख घालून.

या जागी कथेत पत्रंच थांबायला हवीत. सप्टेंबर २१ नंतर अनिकेतचं पुढचं पत्र थेट डिसेंबरात. मधल्या काळात बाईंची दोन पत्रं येतात, दुसऱ्याचा मायना पुन्हा ‘श्री. अनिकेत यांस’वर उतरलेला. त्यांनाही शंका आली आहे. नातीने कदाचित सांगितलं असेल. तारखांमधलं अंतर ही अशा कथेतली सर्वांत बोलकी गोष्ट असते आणि लिहिणारे तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. पत्रं ठराविक आठ दिवसांनी येऊ लागली, की लेखकाने ती एका बैठकीत लिहिली हे उघड होतं.

शेवटच्या पत्रासाठी तीन वाटा आहेत. अनिकेत वकिलाची नोटीस पाठवतो, ही एक. ती खरी वाटेल, पण मग आधीची सगळी पत्रं मालकाने रचलेला सापळा ठरतात. दुसरी वाट क्षमेची: आजी, मला सगळं कळलं, काळजी करू नका, खोली तुमचीच. ही वाचायला गोड आणि कथेच्या दृष्टीने घातक, कारण आतापर्यंत जपून बोलणारा माणूस एकदम उघडा बोलतो, आणि बाईंचा खोटेपणा त्यांच्या तोंडावर मांडतो. ७९ वर्षांच्या शिक्षिकेला ही दया सोसणार नाही. मी तिसरी घेईन:

«ती. स्व. सुमतीआजींस, सा. न. वि. वि. बरेच दिवसांत पत्र नाही, क्षमा असावी. भाडे नियमित मिळते आहे, सोबत जून ते नोव्हेंबरच्या पावत्या जोडल्या आहेत. एक गोष्ट विचारून घेतली ती कळवतो. कायद्यात ‘वाजवी कारणाशिवाय’ असे शब्द आहेत. आजारपण हे वाजवी कारण होऊ शकते. कोणाचे कधी काही दुखले-खुपले, हॉस्पिटलात राहावे लागले, तर डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले, प्लास्टरची पावती, सगळे तारखेसह जपून ठेवावे. तुम्ही फॉर्म जपता तसे. पुणे येथे थंडी पडली आहे. नाशिकला अधिक असेल.»

‘हक्काला बाध न येता’ हे वाक्य या पत्रात नाही. पावत्यांवरही नाही. मालकाने स्वतःच्या विरुद्ध जाणारा सल्ला स्वतःच्या अक्षरात, सही करून भाडेकरूच्या हाती दिला आहे. वकील हे पत्र पाहील तर डोक्याला हात लावील. आणि त्यात खोटंही काही नाही, कायद्याबाहेरचंही काही नाही. बाईंची खोड मोडली, असं दाखवणारा एकच शब्द आहे, नाशिक, तोही हवापाण्याच्या वाक्यात. आपल्याकडे पत्राच्या शेवटी हवापाणी लिहायची रीत आहे, म्हणून तो तिथे खपतो.

अशी माणसं शेजारी राहत असतील तर एकमेकांना भेटत का नाहीत, हा प्रश्न मात्र वाचक विचारणारच. पुणे-मुंबई अंतर ही पळवाट झाली. डेक्कन क्वीनने अनिकेत सकाळी निघून रात्री परत येऊ शकतो. दस्तयेव्हस्कीच्या १८४६च्या ‘पुअर फोक’मध्ये म्हातारा कारकून आणि तरुण मुलगी एकाच अंगणाच्या दोन बाजूंना राहतात, खिडक्या समोरासमोर, तरी रोज चिठ्ठ्या लिहितात, कारण भेटलं तर लोक बोलतील. म्हणजे अंतर लागत नाही, न भेटण्याचं कारण लागतं. आपल्या कथेत ते कारण वकील पुरवतो: भाडेकरूकडे जाऊन चहा घेतलास तर उद्या ती म्हणेल, मालकाने येऊन तोंडी कबूल केलं. अनिकेत जात नाही. जूननंतर तो आला तर कुलूप दिसेल, म्हणून बाईही त्याला बोलावत नाहीत. कधी एकदा बोलावतील अशी वाट पाहणारा अनिकेत आणि तो येईल या धास्तीतल्या सुमतीबाई, एवढं वाचकाला मागाहून उमगलं की भेटीचा प्रश्न मिटतो.

लांबीचं सांगायचं तर दहा-अकरा पत्रं आणि तीन-चार कुपनं. तीन हजार शब्दांवर जाऊ नये. याहून लांबली तर दोघं एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगू लागतात: ‘तुला माहीतच आहे की आपली चाळ १९२८ साली बांधली’ असली वाक्यं. अशी वाक्यं सापडली की समजावं, माहिती वाचकासाठी घुसवली आहे. ती काढून तिची जागा बाईंच्या एखाद्या टोमण्यात शोधावी. आणि दोघांचं लेखन वेगळं ओळखू यावं म्हणून एकाला बोली, दुसऱ्याला शुद्ध असं ढोबळ करू नये. सुमतीबाई क्रियापद शेवटी ठेवतात, वाक्यं लहान, विशेषण जवळजवळ नाही. अनिकेत ‘पण’ने वाक्य सुरू करतो आणि मध्येच सोडतो. त्यांची नावं झाकली तरी कोणाचं पत्र ते कळलं पाहिजे. कथा संपल्यावर ही चाचणी करून पाहावी; साधारण तिसऱ्या-चौथ्या पत्रात दोघं एकाच सुरात बोलू लागलेले आढळतात, आणि तो सूर लेखकाचा असतो.

राहिलं शेवटचं कुपन. जानेवारी २००२, शिक्का गिरगावचा, अक्षर बाईंचं, थोडं कापरं. नव्या कायद्याने दिलेली चार टक्के वाढ अनिकेतने वर्षभरात एकदाही मागितलेली नाही. ५८ अधिक दोन रुपये बत्तीस पैसे म्हणजे साठ रुपये बत्तीस पैसे. सुमतीबाई एकसष्ट रुपये पाठवतात:

«चि. अनिकेत यास अ. आ. जाने. भाडे वाढीसह रु. ६१. जास्त गेलेले ६८ पैसे फेब्रु.त वळते करून घेणे. कमिशन आता चार रुपये. कागद जपले आहेत. जिन्यावरची तुळई पाहायला कधी येतोस? पावती पाठव.»